उलटीत फिटची गोळी पडली? परत द्यायची की नाही, ते घड्याळ सांगतं

पावसाळ्यात गावोगावी उलट्या-जुलाबाचे पेशंट वाढतात. लग्नसराईत किंवा यात्रेत खाण्यातून बाधा झाली की एकेका घरात तीन-तीन जण आडवे होतात. बाकीच्यांसाठी हा दोन दिवसांचा त्रास असतो. पण घरात कुणाला मिरगी असेल, म्हणजे फिट येत असेल आणि रोजची गोळी चालू असेल, तर त्या माणसासाठी हे दोन दिवस वेगळे असतात. वर्ष-दोन वर्षं एकही फिट न आलेल्या माणसाला याच दोन दिवसांत फिट येऊ शकते. कारण साधं आहे. गोळी पोटात टिकत नाही, त्यामुळे रक्तातलं औषध कमी होत जातं. त्यात ताप, जागरण आणि अंगातलं पाणी कमी होणं याची भर पडते.

अशा वेळी घरात दोन प्रकारच्या चुका होतात. काही जण म्हणतात, "पोटात काही नाही, रिकाम्या पोटी गोळी नको, बरं वाटलं की चालू करू." काही जण घाबरून दर उलटीनंतर एक गोळी देत राहतात. पहिल्या चुकीत औषध तुटतं, दुसऱ्या चुकीत औषध जास्त होतं. दोन्ही टाळायचं असेल तर घड्याळात दोन गोष्टी बघायच्या. एक, गोळी घेतल्यावर किती वेळाने उलटी झाली. दुसरी, पोटात टिकलेल्या शेवटच्या गोळीला किती तास झाले.

पहिला प्रश्न : गोळीनंतर किती वेळाने उलटी झाली?

गोळी गिळल्यावर ती लगेच रक्तात जात नाही. आधी पोटात विरघळते, मग पुढे आतड्यात जाऊन रक्तात मिसळते. म्हणून नुकतीच घेतलेली गोळी उलटीत पडली तर ती वाया गेली असं धरायचं. बराच वेळ झाला असेल तर बहुतेक औषध पुढे गेलेलं असतं.

फिटच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी डॉक्टर साधारण अर्ध्या तासाचा नियम सांगतात. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तीच गोळी, तेवढ्याच ताकदीची, एकदा परत द्यायची. अर्ध्या तासानंतर उलटी झाली तर परत द्यायची नाही, पुढची गोळी तिच्या वेळेवर द्यायची. उलटीत गोळी अख्खीच्या अख्खी दिसली तर ती पडलीच, मग वेळ थोडी पुढे-मागे असली तरी डॉक्टरांना फोन करून परत देता येते. लहान मुलांच्या सिरपलाही हाच नियम लागतो.

यातला "एकदा" हा शब्द महत्त्वाचा आहे. परत दिलेली गोळीही पडली, तर तिसरी द्यायची नाही. कारण प्रत्येक उलटीत नेमकं किती औषध पडलं आणि किती आत राहिलं, हे घरी कुणालाच कळत नाही.

फेनिटोइनची गोळी असेल तर जास्तच सांभाळायला हवं. अनेक जण तिला एप्टॉइन या नावाने ओळखतात. या औषधाचा मोजका डोस शरीराला बाहेर टाकता येतो, पण थोडा जास्त झाला की रक्तातलं प्रमाण एकदम वर जातं. मग चालताना झोक जातो, डोळ्यांची बुबुळं थरथरतात, बोलणं जड होतं, झोप येत राहते आणि उलट्याही होतात. घरच्यांना वाटतं पोटाचाच आजार वाढला, आणि ते आणखी एक गोळी देतात. अशी लक्षणं दिसली तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुसरा प्रश्न : टिकलेल्या शेवटच्या गोळीला किती तास झाले?

सगळी औषधं अंगात सारखा वेळ राहत नाहीत. लेव्हेटिरासिटाम हे आजकाल खूप जणांना चालू असलेलं औषध साधारण ६ ते ८ तासांत निम्मं होतं. म्हणून ते दिवसातून दोनदा द्यावं लागतं, आणि चुकलं की त्याची उणीव लवकर जाणवते. फेनिटोइन साधारण एका दिवसात निम्मं होतं. फेनोबार्बिटोन, म्हणजे जुन्या पेशंटांच्या ओळखीची गार्डिनल, निम्मी व्हायला तीन-चार दिवस लागतात.

याचा अर्थ गार्डिनल चुकली तरी चालेल असा नाही. गार्डिनल आणि क्लोबाझाम या गोळ्यांची मेंदूला सवय झालेली असते. त्या एकदम तुटल्या तर तुटण्यामुळेच जोरात फिट येऊ शकते, आणि कधी कधी एकामागून एक येत राहते. फरक एवढाच की तिथे हाताशी थोडे तास जास्त असतात.

एका घरातलं उदाहरण घेऊ

समजा, २२ वर्षांचा मुलगा आहे. लेव्हेटिरासिटाम ५०० ची एक गोळी सकाळी ८ ला आणि एक रात्री ८ ला. दोन वर्षं फिट नाही. दुपारी पंगतीत जेवला, संध्याकाळपासून मळमळ सुरू झाली.

रात्री ८ वाजता गोळी घेतली आणि ८ वाजून २० मिनिटांनी मोठी उलटी झाली. वीसच मिनिटं झाली होती, म्हणजे गोळी पडली. आईने घाई केली नाही. दहा-पंधरा मिनिटं पोट शांत होऊ दिलं, चमच्याने थोडं ओआरएस पाजलं आणि पावणेनऊला दुसरी गोळी दिली. सव्वादहाला पुन्हा उलटी झाली. गोळीला दीड तास झाला होता, म्हणून आईने परत गोळी दिली नाही. इथपर्यंत सगळं बरोबर झालं.

सकाळी ८ ची गोळी दिली, दहा मिनिटांत उलटी. गोळी अख्खी दिसत होती. ८ वाजून ४० मिनिटांनी परत दिली, पावणेनऊ-नऊच्या दरम्यान तीही पडली. आता आईने नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला.

"साहेब, सकाळची गोळी दोनदा पडली. आणखी एक देऊन बघू का?"

"नको मावशी, आता तिसरी नको. टिकलेली शेवटची गोळी कधीची?"

"रात्री पावणेनऊची. तिच्यानंतर दीड तासाने उलटी झाली होती."

"म्हणजे बारा तास झाले. रात्रीच्या आठची वाट बघू नका. त्याला तासाभरात दवाखान्यात घेऊन या. गोळीचं पाकीट सोबत आणा. हेच औषध शिरेतून देता येतं."

डॉक्टरांनी घाई का केली ते बघा. पावणेनऊच्या गोळीतलं औषध बारा तासांत साधारण पाव ते तिसरा हिस्सा उरलं होतं. रात्री ८ पर्यंत थांबले असते तर जेमतेम दहावा हिस्सा राहिला असता. म्हणजे मुलाची तब्येत सकाळी ठीक दिसत असली तरी धोका तासागणिक वाढत होता. फिट आल्यावर पळापळ करण्यापेक्षा फिट येण्याआधी इंजेक्शन घेणं सोपं असतं.

म्हणून घरात एवढं पक्कं ठरवा. एक डोस परत देऊनही पडला, तर डॉक्टरांना फोन. उलट्या थांबत नसतील किंवा लागोपाठ दुसरा डोसही जाणार असं दिसत असेल, तर घरी वाट बघायची नाही. आणि ज्याला पूर्वी खूप वेळ चालणारी किंवा एकामागून एक फिट आलेली आहे, त्याला पहिलाच डोस पडला तरी दवाखान्यात न्यायचं.

दवाखान्यात काय होतं, आणि निघण्याआधी काय विचारायचं

उलटी थांबवायचं इंजेक्शन आणि गरज असेल तर सलाईन देतात. लेव्हेटिरासिटाम, व्हॅल्प्रोएट, फेनिटोइन आणि फेनोबार्बिटोन ही औषधं इंजेक्शनमधूनही मिळतात, त्यामुळे पोट चालत नसलं तरी औषध तुटत नाही. कार्बामाझेपिनची गोळी असेल, अनेक जण तिला टेग्रेटॉल म्हणतात, तर तेच औषध इंजेक्शनमधून देण्याची सोय सहसा नसते. तिथे उलटी थांबेपर्यंत डॉक्टर काही वेळासाठी दुसरं औषध देऊन संरक्षण ठेवतात.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सगळी इंजेक्शनं असतीलच असं नाही. निघण्याआधी फोन करून विचारा, "फिटचं अमुक औषध इंजेक्शनमध्ये आहे का?" नसेल तर सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. दोन ठिकाणी फिरण्यात जाणारे तास वाचतात.

मेडिकलवरची उलटी-जुलाबाची गोळी घेण्याआधी

इथे गावाकडे सगळ्यात जास्त चूक होते. आपण मेडिकलवर जातो, "उलटी-जुलाबाचं द्या" म्हणतो आणि चार गोळ्यांची पुडी घेऊन येतो. त्या पुडीतल्या काही गोळ्या फिटच्या माणसाला त्रासदायक ठरू शकतात.

मेटोक्लोप्रामाइड हे उलटीवरचं जुनं औषध फिटच्या पेशंटना टाळतात, कारण त्याने फिट येण्याची शक्यता वाढू शकते. डॉक्टर त्याऐवजी बहुतेक वेळा ऑनडॅनसेट्रॉन देतात, ते जिभेवर विरघळणाऱ्या गोळीतही मिळतं. जुलाबासाठी सर्रास दिली जाणारी ओफ्लोक्सासिन किंवा सिप्रोफ्लोक्सासिन ही अँटिबायोटिकंही फिटची शक्यता वाढवतात. मेट्रोनिडाझोलमुळे काही वेळा फेनिटोइन आणि कार्बामाझेपिनचं रक्तातलं प्रमाण बदलतं. खरं तर साध्या उलटी-जुलाबात बहुतेकांना अँटिबायोटिकची गरजच नसते.

ही सगळी नावं पाठ करायची गरज नाही. डॉक्टर असोत, नर्स असोत की मेडिकलवाला, पहिलं वाक्य हेच बोला : "पेशंटला मिरगी आहे, ही गोळी चालू आहे." आणि पाकीट दाखवा. काही घरांत लाजेखातर हे सांगत नाहीत, विशेषतः लग्नाच्या मुलीचं असेल तर. पण न सांगितल्याने चुकीची गोळी मिळते आणि जे लपवायचं होतं तेच चार लोकांसमोर घडतं.

पोटात गोळी टिकावी म्हणून

"खाल्लं नाही म्हणून गोळी दिली नाही" असं करू नका. फिटच्या बहुतेक गोळ्या दोन घोट ओआरएस किंवा अर्ध्या बिस्किटासोबत घेता येतात. व्हॅल्प्रोएट जेवणानंतर सोसतं हे खरं, पण जेवण नाही म्हणून ते चुकवणं जास्त वाईट.

उलटी झाली की लगेच पाणी पाजू नका. दहा मिनिटं थांबा, मग एक-एक चमचा ओआरएस दर एक-दोन मिनिटांनी द्या. ग्लासभर एकदम दिलं की पुन्हा उलटी होते आणि गोळीही बाहेर येते. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घाला. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं एका ग्लासचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

नुसतं पाणी भरपूर पाजणं फिटच्या माणसाला बरं नाही. उलटी-जुलाबात अंगातलं मीठ जातं, नुसत्या पाण्याने ते आणखी पातळ होतं, आणि मीठ फार कमी झालं की त्यानेही फिट येते. कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन या गोळ्या आधीच अंगातलं मीठ थोडं कमी करतात. त्या चालू असतील तर ओआरएसच द्या.

गोळी गिळवत नाही म्हणून कुटून देण्याआधी पाकीट वाचा. नावापुढे क्रोनो, सीआर, ईआर किंवा एक्सआर असं असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे. ती कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. अशा वेळी डॉक्टरांना सिरपबद्दल विचारा.

ग्लानीत झोपला आणि गोळी राहूनच गेली तर

उलटीमुळे नाही, पण थकून झोप लागल्यामुळे डोस चुकला असंही होतं. दिवसातून दोनदा गोळी असेल तर दोन डोसांमध्ये बारा तास असतात. निम्म्या वेळेच्या आत, म्हणजे सहा तासांच्या आत आठवलं तर तेव्हाच द्या. रात्री ८ ची गोळी १ वाजता आठवली तर उठवून द्या, पण माणूस पूर्ण जागा झाल्यावर. पहाटे ४ ला आठवलं तर सोडून द्या आणि सकाळची वेळेवर द्या. दोन गोळ्या एकत्र द्यायच्या नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

लॅमोट्रिजिन चालू असेल आणि ती लागोपाठ चार-पाच दिवस बंद पडली, तर पूर्वीचा पूर्ण डोस घरच्या घरी सुरू करू नका. अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतो. डॉक्टर ती पुन्हा कमी डोसपासून वाढवतात.

उलटीचं कारण वेगळंही असू शकतं

व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याला उलट्या थांबतच नाहीत, पोटात जोरात दुखतंय, खूप सुस्ती आहे किंवा डोळे पिवळे दिसतायत, तर ते यकृताला किंवा स्वादुपिंडाला त्रास झाल्याचं लक्षण असू शकतं. उलटीसोबत ताप, जोराची डोकेदुखी आणि मान ताठ असेल तर मेंदूचा ताप असू शकतो. आठ तासांत लघवी झाली नाही किंवा उलटीत रक्त आलं, तर तेही पोट बिघडण्याच्या पलीकडचं आहे. या सगळ्यांत घरगुती उपायात वेळ घालवू नका.

फिट आलीच तर

मोबाईलवर वेळ बघा. आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला सारा आणि माणसाला कुशीवर वळवा. उलट्या चालू असलेल्या माणसात कुशीवर वळवणं जास्तच गरजेचं, कारण उलटी श्वासात जाऊ शकते. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने फिट थांबत नाही. हात-पाय दाबून धरू नका. डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकातला स्प्रे लिहून दिला असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे मारा.

फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली, शुद्ध न येता दुसरी आली, श्वास नीट चालत नाही किंवा बाई गरोदर आहे, तर १०८ ला फोन करा. आणि फिट दोनच मिनिटांत थांबली तरी, औषध तुटलेलं असताना आलेली आहे म्हणून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत चुकलेली गोळी तोंडातून देऊ नका.

बरं वाटल्यावरही दोन-तीन दिवस

उलट्या थांबल्या की नेहमीचा डोस नेहमीच्या वेळेवर चालू करा, मागचा हिशेब पूर्ण करायला जाऊ नका. पुढचे दोन-तीन दिवस मोटारसायकल चालवायची नाही, विहिरीवर, तळ्यावर किंवा चुलीजवळ एकटं जायचं नाही. रात्रीच्या लाईटची पाळी असली तरी मोटार सुरू करायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.

आणि आजच एक काम करा. एका कागदावर गोळीचं नाव, ताकद, वेळ आणि डॉक्टरांचा नंबर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पाकिटाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. आठवडाभराच्या जादा गोळ्या आणि ओआरएसची दोन पाकिटं घरात असू द्या. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की विचारून घ्या, "उलटीत गोळी पडली तर आमच्या पेशंटला नेमकं काय करायचं?" ते सांगतील ते त्याच कागदावर खाली लिहा. रात्री अकरा वाजता रेंज नसते, तेव्हा तोच कागद कामाला येतो.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या पेशंटच्या डॉक्टरांनी दिलेल्या सूचना वेगळ्या असतील तर त्याच पाळाव्यात.)